'काय?' विचारून ऑब्जेक्ट शोधत होते, म्हणून चुकत होते

मी दापोलीकडची, शाळा मराठी मीडियम, आणि बीएला इंग्लिश घेतलं. पहिल्या वर्षी वाक्यांचं अ‍ॅनालिसिस आलं, सब्जेक्ट, ऑब्जेक्ट, कॉम्प्लिमेंट, अ‍ॅडव्हर्बिअल ओळखा, तर पहिल्या टेस्टला दहापैकी चार मार्क पडले. खूप वाईट वाटलं कारण मी शाळेतली पद्धत अगदी मन लावून वापरली होती. क्रियापदाला 'कोण' विचारा, कर्ता मिळतो, 'काय' विचारा, कर्म मिळतं. आता अकरावी-बारावीतून येणाऱ्या पोरांच्या वह्या बघते तर तीच चूक दिसते, म्हणून लिहितेय.

'शी बिकेम अ टीचर.' काय बनली? टीचर. म्हणून मी ऑब्जेक्ट लिहिलं. 'शी मेट अ टीचर' मध्ये टीचर खरंच ऑब्जेक्ट आहे, पण पहिल्या वाक्यात ती आणि टीचर एकच माणूस आहे! मराठी व्याकरणात 'राम राजा झाला' यातल्या 'राजा'ला आपण कर्म म्हणत नाही, विधानपूरक म्हणतो, तेच हे कॉम्प्लिमेंट. शिकलेलं होतं पण इंग्रजीचा पेपर समोर आला की आठवायचं नाही.

तर 'काय' विचारा, पण उत्तर मिळाल्यावर दोन गोष्टी बघा. एक, पॅसिव्ह होतं का? 'अ टीचर वॉज मेट बाय हर' कानाला जड वाटतं पण व्याकरणात बसतं, 'अ टीचर वॉज बिकम बाय हर' बसतच नाही. दोन, मध्ये बरोबरचं चिन्ह टाकता येतं का? ती = टीचर, जमलं, म्हणजे कॉम्प्लिमेंट. मला दुसरी टेस्ट जास्त भरवशाची वाटते कारण 'शी हॅज टू बोट्स' याचं पॅसिव्ह होत नाही, तरी टू बोट्स ऑब्जेक्टच आहे. ती म्हणजे दोन होड्या नव्हे ना.

आता एक वाक्य पूर्ण सोडवू. 'लास्ट संडे द व्हिलेजर्स इलेक्टेड माय आन्ट चेअरपर्सन.' आधी क्रियापद धरा, इलेक्टेड. सुरुवातीला लास्ट संडे आहे म्हणून त्यालाच सब्जेक्ट म्हणणारे खूप जण असतात, नाम दिसलं की फसतात. पण निवडलं कोणी? रविवारने नाही, गावकऱ्यांनी. शिवाय लास्ट संडे उचलून वाक्याच्या शेवटी ठेवा, काही बिघडत नाही, काढून टाका तरी वाक्य उभं राहतं, म्हणजे ते अ‍ॅडव्हर्बिअल. द व्हिलेजर्स सब्जेक्ट. मग माय आन्ट, 'माय आन्ट वॉज इलेक्टेड चेअरपर्सन' होतं, म्हणजे ऑब्जेक्ट. राहिलं चेअरपर्सन, आणि आत्या = चेअरपर्सन, म्हणून हे ऑब्जेक्टचं कॉम्प्लिमेंट, सब्जेक्टचं नव्हे. पॅटर्न ASVOC.

याच्या शेजारी हे ठेवा, 'द व्हिलेजर्स गेव्ह माय आन्ट अ नेट.' दिसायला अगदी तसंच, क्रियापदानंतर दोन नामं. पण आत्या म्हणजे जाळं नाही, आणि दोन्हीचं पॅसिव्ह होतं, 'माय आन्ट वॉज गिव्हन अ नेट' आणि 'अ नेट वॉज गिव्हन टू माय आन्ट'. म्हणून दोन ऑब्जेक्ट, आत्या इनडायरेक्ट, जाळं डायरेक्ट, SVOO.

विशेषणाचंही असंच. 'वी फाउंड द रोड ईझी', रस्ता सोपा आहे, म्हणून ईझी कॉम्प्लिमेंट. 'वी फाउंड द रोड ईझिली', इथे सोपं रस्ता नाही, सापडणं सोपं झालं, म्हणून अ‍ॅडव्हर्बिअल.

आणि काढून टाकायची टेस्ट मी वर सांगितली तिच्यावर डोळे झाकून विसंबू नका हां. 'शी पुट द फिश इन द बास्केट' यातलं इन द बास्केट काढलं तर 'शी पुट द फिश' उरतं आणि ऐकणारा विचारणारच, कुठे ठेवलं? काढता येत नाही म्हणून मी ते कॉम्प्लिमेंट लिहिलं होतं, चूक. मासे म्हणजे टोपली नव्हे, प्रश्न 'कुठे'चा आहे, म्हणून अ‍ॅडव्हर्बिअलच, फक्त या क्रियापदाला ते लागतंच, SVOA.

'द जेट्टी इज निअर द टेम्पल' मध्ये मात्र पुस्तकं एकमेकांशी भांडतात, काही निअर द टेम्पलला अ‍ॅडव्हर्बिअल धरतात आणि काही कॉम्प्लिमेंट, त्यामुळे तुमच्या सिलॅबसला लावलेलं पुस्तक काय म्हणतं ते परीक्षेआधीच बघून ठेवा आणि पेपरात सगळीकडे तेच लावा.