डेअरीच्या डॅशबोर्डवरचा आकडा वाचण्याआधी त्याची वेळ वाचा

आमच्या मुरबाडकडच्या गावात संकलन सकाळी सहाच्या सुमाराला सुरू होतं आणि साडेआठपर्यंत आटोपतं. पूर्वी आजचं दूध किती झालं हे सचिवांच्या वहीत बघावं लागायचं. आता तो आकडा मोबाईलवर डेअरीच्या डॅशबोर्डवर दिसतो, आणि दूध घालून आपण घरी पोचेपर्यंत घणसोलीला नोकरी करणाऱ्या पोराचा फोन आलेला असतो, "बाबा, आज डेअरीचं दूध एवढं कमी का दाखवतंय?" त्याने आकडा बघितलेला असतो, वेळ बघितलेली नसते. म्हणून ही तयारी लिहून ठेवतो. तुम्ही करा आणि शहरातल्या पोरांनाही सांगा.

मोबाईल उघडण्याआधी कालच्या आणि आजच्या पावत्या समोर घ्या. पावतीवर तुमचा सभासद कोड, सकाळ की संध्याकाळ, दूध, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम असते, आणि खाली बारीक अक्षरात वेळ छापलेली असते. ती वेळ बहुतेक जण वाचत नाहीत, पण तुमचं दूध काट्यावर कधी चढलं याचा तोच पुरावा असतो. पावतीची शाई महिनाभरात उडते, त्यामुळे बिल मिळेपर्यंत मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलेला बरा.

आता डॅशबोर्ड उघडा, पण मोठ्या अक्षरातल्या लिटरच्या आकड्याकडे लगेच जाऊ नका. कोपऱ्यात `Last updated` किंवा 'शेवटचे अद्ययावत' असं लिहिलेलं असतं, ते आधी शोधा. वरचा आकडा त्या वेळेपर्यंत पोचलेल्या दुधाचा असतो. काट्याजवळचं मशीन प्रत्येक नोंद आधी स्वतःच्या पोटात ठेवतं आणि रेंज मिळाली की पुढे पाठवतं. रेंज गेली तरी काटा थांबत नाही, पावत्या निघत राहतात आणि फक्त डॅशबोर्ड मागे पडतो. म्हणून तुमच्या पावतीवरची वेळ `Last updated` च्या नंतरची असेल, तर तुमचं दूध तिथे नसणारच. ते गहाळ झालेलं नाही, अजून निघालेलं नाही.

एक फसगतही लक्षात ठेवा. बोटाने पान खाली ओढलं की काही डॅशबोर्डवर वेळ बदलते, पण ती पान उघडल्याची वेळ असते. पान ताजं झालं तरी आत दूध शिळंच! दोन वेळा दिसत असतील तर शेवटच्या नोंदीची वेळ धरा. एकच दिसत असेल तर पाच मिनिटांच्या अंतराने दोनदा ओढून बघा. वेळ पुढे सरकली आणि संकलन चालू असूनही लिटर, सभासद काहीच हललं नाही, तर त्या वेळेवर विसंबू नका.

पावसाळ्यातल्या एका सकाळचं उदाहरण घेऊ. नऊ वाजता डॅशबोर्डवर ४१२ लिटर दिसत होते. आदल्या दिवशी सकाळचे ५३८ होते. सव्वाशे लिटर दूध गेलं कुठे? कोणी म्हणालं काटा बिघडला, कोणी म्हणालं जनावरं आजारी पडली, आणि एकाने तर थेट सचिवांवरच संशय घेतला. लिटरच्या शेजारी सभासदांची संख्या असते, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. काल ७९ जणांनी दूध घातलं होतं, आज ६१ दिसत होते. भागाकार करा. काल माणशी ६.८ लिटर, आज ६.७५, म्हणजे जवळजवळ तेवढंच. माणशी दूध तेवढंच आणि माणसं कमी, याचा अर्थ नोंदी यायच्या बाकी आहेत. माणसं तेवढीच आणि माणशी दूध घटलं असतं, तर गोठ्याकडे बघायला हवं होतं. `Last updated` ची वेळ होती ७:३८. त्याच सुमाराला लाईट गेली होती. मशीन इन्व्हर्टरवर चालू राहिलं, पण इंटरनेटचा डबा इन्व्हर्टरला जोडलेलाच नव्हता. अकराच्या सुमाराला लाईट आली, उरलेल्या १८ जणांचं १२४ लिटर पोचलं आणि एकूण ५३६ झाले.

अशा अर्धवट वेळी सरासरी फॅटवरून वाद घालू नका. ती सरासरी दुधाच्या वजनाने निघते. गाईचं ६ लिटर ३.८ फॅटचं आणि म्हशीचं ४ लिटर ६.६ फॅटचं असेल, तर एकत्र फॅट ५.२ येत नाही, ४.९ च्या आसपास येते. म्हैसवाले शेवटी येत असतील तर त्यांच्या नोंदी पोचेपर्यंत फॅट कमीच दिसणार.

वेळ अगदीच चमत्कारिक दिसली, म्हणजे सकाळच्या दुधाला मध्यरात्रीनंतरचे 02:08 वगैरे, तर त्यात साडेपाच तास मिळवून बघा. ७:३८ आले की ओळखायचं, डॅशबोर्ड भारतीय वेळेवर लावलेला नाही. हे नुसतं दिसायला वाईट नाही. अशा डॅशबोर्डची तारीखही आपल्या पहाटे साडेपाचला बदलते. जिथे संकलन आमच्यापेक्षा लवकर सुरू होतं, तिथे कोणाचं दूध ५:१० ला काट्यावर चढलं, तर ते कालच्या तारखेत 23:40 ला बसतं. रोज पहिल्या येणाऱ्या दोनचार सभासदांचंच दूध एक दिवस मागे दिसत असेल, तर कारण हेच. ही दुरुस्ती सॉफ्टवेअरवाल्याने करायची असते, मशीनवर बसणाऱ्या पोरावर ओरडून उपयोग नाही.

पावती आणि डॅशबोर्ड यांत रोज थोडासा, पण सारख्याच प्रमाणात फरक येत असेल, तर एकक तपासा. काटा किलो मोजतो आणि एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. पावतीवर ६.६ किलो आणि डॅशबोर्डवर ६.४ लिटर म्हणजे दूध तेवढंच. फक्त दर किलोचा लावलाय की लिटरचा, हे एकदा विचारून घ्या, कारण पैसे तिथे इकडचे तिकडे होतात.

खरी मेहनत बिलाच्या शेवटच्या दिवशी करायची. आमच्याकडे बिल दहा दिवसांचं असतं. दहाव्या संध्याकाळचं संकलन संपून `Last updated` त्याच्या पुढे गेल्याशिवाय बेरीज करायला बसू नका. दहा दिवसांच्या वीस पावत्या कोडप्रमाणे ताडून बघा. एखादी डॅशबोर्डवर नसेल, तर ती बहुधा शेजारच्या कोडवर चढलेली असते, ४७ च्या जागी ७४ दाबला जातो. पावती घेऊन बिल बंद होण्याआधी सचिवांकडे जा. दुरुस्ती झाली की मागच्या दिवसाचा आकडा बदलतो, तेव्हा कालची बेरीज आज वेगळी दिसली म्हणून दचकू नका.

फॅटची तक्रार मात्र डॅशबोर्ड बघून करता येत नाही. तो मशीनने दिलेला आकडा पुढे दाखवतो, एवढंच. नमुना ओतून टाकला की पुन्हा तपासायला काही उरत नाही. शंका आली तर पावती हातात पडताच, मागच्या माणसाचं कॅन काट्यावर चढायच्या आत, तिथेच दुसऱ्यांदा लावायला सांगा.