पौष्टिक डबा तसाच परत येतोय? पालकहो, या चुका टाळा

पालकहो, नमस्कार. येत्या सोमवारपासून आपल्या शाळेत पहिली ते पाचवीसाठी डब्याचा नवा नियम सुरू होतोय. पुडा फोडून डब्यात ओतलेलं काही चालणार नाही, म्हणजे वेफर्स, बिस्किटं, क्रीमचे केक, पाकिटातल्या नूडल्स. पेय फक्त पाणी. वाढदिवसाला वर्गात खाऊ वाटायचा नाही, द्यायचंच असेल तर वर्गाच्या वाचनपेटीला एक गोष्टीचं पुस्तक द्या. आणि शुक्रवार हा खाऊचा वार. त्या दिवशी घरी केलेला लाडू, चकली, शंकरपाळे असं मूठभर काहीतरी रोजच्या डब्यासोबत चालेल.

हा नियम आपण दोन वर्षांपूर्वीही आणला होता आणि तो महिन्याभरात मोडला. त्यातली पहिली चूक माझी होती. आम्ही डबे तपासायला लागलो, वेफर्स काढून घ्यायला लागलो. मुलं दप्तरात हात घालून लपून खायला लागली, आणि ज्यांचा डबाच वेफर्सचा होता ती घरी जाईपर्यंत उपाशी राहिली. यावेळी कुणाचाही डबा काढून घेतला जाणार नाही. २०२० च्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांनुसार जास्त मीठ, साखर आणि चरबी असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत विकता येत नाहीत. पण ते बंधन विकणाऱ्यावर आहे. घरून आलेल्या डब्यावर तुमचाच अधिकार, म्हणून हे आपल्याला समजुतीनंच करावं लागेल.

दुसऱ्या चुका स्वयंपाकघरात झाल्या, आणि आज मला त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे. तेव्हा बहुतेक पालकांनी मनापासून चांगला डबा दिला होता. तो तसाच परत आला. चार दिवस अन्न टाकून दिल्यावर पाचव्या दिवशी आईनं बिस्किटं दिली, आणि मी तिला दोष देत नाही.

चूक पहिली: गरम डबा बंद करणं

आपली शाळा साडेसातची. डबा भरला जातो पावणेसातला आणि उघडतो साडेदहाच्या मधल्या सुट्टीत. म्हणजे मूल जेवतं ते जवळपास चार तासांपूर्वीचं अन्न. आपण चव घेतो तव्यावरून उतरल्या उतरल्या, आणि डब्यात नेमकं काय होतं ते बघतच नाही.

गरम पोळी डब्यात गेली की तिची वाफ झाकणाला लागते, पाणी होऊन खाली गळते. खालची पोळी चिकट होते, वरची कडेनं वातड. उपाय साधा आहे. पोळी किंवा पराठा जाळीवर नाहीतर सुती कापडावर दहा मिनिटं निवू द्या, मग घडी करून पातळ कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. तेवढा वेळ मुलाला बूट घालायला लागतोच.

पण प्रत्येक पदार्थ निवल्यावर चांगला लागत नाही, हेही लक्षात घ्या. साबुदाण्याची खिचडी थंड झाली की रबरासारखी होते. उपम्याचा गोळा होतो. मुगाचं धिरडं चिवट होतं, मात्र त्यात दुधी किसून घातला तर मऊ राहतं. इडली, दशमी, किसलेली काकडी किंवा भरपूर कांदा घातलेलं थालीपीठ, मेथीचा पराठा हे चार तास नीट टिकतात. पोह्यांचंही तसंच. जाडे पोहे चाळणीत धुऊन दहा मिनिटं झाकून ठेवा, फोडणीत टाकल्यावर चांगली वाफ आणा आणि गॅस बंद केल्यावर लिंबू पिळा. भिजत घातलेल्या पोह्यांचा लगदा होतो, कमी वाफवलेले साडेदहापर्यंत कडक होतात.

दहीभात उन्हाळ्यात आंबतो अशी तक्रार दरवर्षी येते. एक वाटी मऊ भात कुस्करून त्यात अर्धी वाटी कोमट दूध आणि एकच चमचा दही घाला. सुट्टीपर्यंत दूध हळूहळू विरजतं आणि भात आंबट लागत नाही. भात मात्र सकाळी ताजा लावलेला हवा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात फोडणी देऊनही डब्यात देऊ नका. अशा भातात वाढणाऱ्या काही जिवाणूंचं विष परतल्यानं जात नाही, आणि मूल वर्गात उलट्या करतं.

चूक दुसरी: मोठ्यांचा डबा छोट्याला

मधली सुट्टी वीस मिनिटांची. हात धुणं, रांग आणि जागेवर येणं यात पाच मिनिटं जातात, आणि शेवटची पाच मिनिटं मूल मैदानाकडे बघत असतं. खाण्याचा खरा वेळ दहा मिनिटं. पहिलीतल्या मुलाला दोन मोठ्या पोळ्या आणि वाटीभर भाजी त्यात संपत नाही. त्यांना एक पोळी आणि पाव वाटी सुकी भाजी पुरे. कमी दिलं तर उपाशी राहील असं वाटतं, पण गच्च भरलेला डबा बघूनच काही मुलं झाकण लावून टाकतात.

पोळीचा तुकडा तोडून भाजी गुंडाळणं हे छोट्या हातांना वेळखाऊ काम आहे. भाजी घालून गुंडाळी करून दोन तुकडे करून दिले तर तेच अन्न निम्म्या वेळात खाल्लं जातं. केळं सालासकट द्या. सफरचंद कापून देणार असाल तर फोडींना लिंबू चोळा, नाहीतर त्या काळ्या पडतात आणि मुलाला ती खराब झाल्यासारखी वाटतात. ज्यांची धाकटी भावंडं बालवाडीत आहेत त्यांनी द्राक्षं उभी चिरून द्यावीत आणि अख्खे शेंगदाणे, फुटाणे मुळीच देऊ नयेत, कारण ते घशात अडकतात. दाण्याची ॲलर्जी असलेलं मूल असेल तर वर्गशिक्षिकांना आजच लेखी कळवा.

गेल्या वर्षी दुसरीतल्या एका मुलाचा डबा रोज परत जात होता. आई नोकरीला जाणारी, पहाटे उठून मेथीचे दोन पराठे करायची. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, याला पौष्टिक काही आवडतच नाही." आम्ही वर्गशिक्षिकांना तीन दिवस त्याच्या शेजारी बसायला सांगितलं. त्यांनी पाहिलं की पोराला डब्याचं झाकण उघडत नव्हतं. तो मावशींना शोधत जायचा, त्यात पाच-सहा मिनिटं जायची. उघडल्यावर खालचा पराठा तळाला चिकटलेला, वरच्याची कड कडक. तो मधला मऊ भाग तीन घास खायचा आणि खेळायला पळायचा. मेथी त्याला आवडतच होती.

आईनं एका वेळी एकच बदल केला. आधी चापाचा डबा आणला आणि घरी त्याच्याकडून तो दहा वेळा उघडून घेतला. मग कणीक बदलली. एक वाटी कणकेला अर्धी वाटी बारीक चिरलेली मेथी, दोन मोठे चमचे दही, एक छोटा चमचा तेल. पाणी आधी घालायचंच नाही, मेथी आणि दही मिळून बरंच पाणी सोडतात. कमी पडलं तरच हात ओला करायचा. त्याचे पुरीएवढे तीन छोटे पराठे, निववून, कापडात. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिन्ही संपायला लागले.

चूक तिसरी: पुड्यावरच्या चित्रावर विश्वास

गव्हाच्या ओंब्या छापलेली बिस्किटं चालतील का, असं बरेच जण विचारतात. पुडा उलटा करून घटकांची यादी वाचा. जो पदार्थ सर्वात जास्त तो आधी लिहावा लागतो. पुष्कळदा पहिला मैदा निघतो, मग साखर किंवा पामतेल, आणि गहू त्यांच्या मागे. फळांच्या रसाच्या खोक्याचंही तसंच. १०० मिलीमध्ये १२ ग्रॅम साखर लिहिलेली असेल तर २०० मिलीच्या खोक्यात २४ ग्रॅम झाली, म्हणजे साधारण सहा छोटे चमचे. तितकी साखर आपण घरी एका पेल्यात घालणार नाही.

नूडल्समध्ये गाजर-मटार घातले तरी मसाल्याच्या पुडीतलं मीठ तेवढंच राहतं. शेवयांचा उपमा करा, मुलांना लांब धागे खाण्याची मजा त्यातही येते. सॉसऐवजी खजूर-चिंचेची घट्ट चटणी छोट्या डबीत द्या.

चूक चौथी: एका रात्रीत सगळं बदलणं

जे मूल वर्षभर ब्रेड-जॅम आणि वेफर्स आणतं त्याला सोमवारी नाचणीची भाकरी दिली तर ती परत येणारच. पहिला आठवडा ब्रेड तसाच राहू द्या, जॅमच्या जागी दाण्याची चटणी आणि लोणी लावा. वेफर्सच्या जागी भाजलेल्या पोह्यांचा किंवा कुरमुऱ्यांचा चिवडा द्या, कारण त्याला हवा असतो तो कुरकुरीतपणा. दुसऱ्या आठवड्यात ब्रेडच्या जागी त्याच चटणीची पोळीची गुंडाळी येऊ द्या. तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस भाजीची गुंडाळी. नवा पदार्थ आधी रविवारी घरी खाऊ घाला. डब्यात पहिल्यांदा भेटलेला पदार्थ मूल मित्रांसमोर खात नाही, त्याला लाज वाटते.

परत आलेला डबा वाचा

"का नाही खाल्लंस?" असं दारातच विचारू नका. मुलं उत्तर देत नाहीत, आणि पुढच्या वेळी डबा कचऱ्यात रिकामा करून आणतात. आधी डबा बघा. मधलं खाल्लं आणि कडा राहिल्या, तर पोळी कडक झाली होती. तळ ओला असेल तर वाफ कोंडली. अर्धंच व्यवस्थित संपलं, तर प्रमाण जास्त झालं. झाकणच उघडलं नसेल, तर झाकण उघडता आलं नाही, वेळ मिळाला नाही किंवा मुलानं दुसऱ्याच्या डब्यात खाल्लं. हे शेवटचं आम्हाला वर्गात कळतं. त्यासाठी पहिला महिना प्रत्येक वर्गात डब्याची वही ठेवतो आहोत. त्यात पदार्थाचं नाव लिहायचं नाही, फक्त संपला, अर्धा राहिला की उघडलाच नाही एवढंच. दर शनिवारी ती वही तुम्हाला बघता येईल.

उद्या शनिवार, परवा रविवार. रविवारी सकाळी पावणेसातला सोमवारचाच डबा करा, बंद करा आणि दप्तरात ठेवा. साडेदहाला तो तुम्ही स्वतः उघडा आणि दहा मिनिटांत खाऊन बघा. जे तुम्हाला गिळवत नाही ते सोमवारी देऊ नका.