शर्ट-पॅन्ट जुळत नाही? फोटो काळा-पांढरा करून बघा
गोंधळ रंगापेक्षा गडद-फिक्याचा जास्त असतो. ग्रे पॅन्टवर तितकाच मध्यम निळा शर्ट चढवला की सगळं मळकट दिसतं. मी दोन्ही कपडे पलंगावर शेजारी ठेवून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढतो. दोन्ही सारखेच करडे दिसले तर जोडी रद्द.

पांढरा आणि फिका आकाशी शर्ट ग्रे, नेव्ही ब्लू दोन्हींवर चालतो; नेव्हीवर फिका गुलाबीही खुलतो. बेजचं उलट: तिला नेव्ही किंवा बॉटल ग्रीनसारखा गडद शर्ट हवा, क्रीम घातला तर दुरून एकच कापड वाटतं. काळीवर पांढरा किंवा फिका ग्रे. तिच्यावर नेव्ही शर्ट नकोच. ट्यूबलाइटखाली तो काळाच भासतो आणि उन्हात गेल्यावर फरक उघडा पडतो. म्हणून गडद कापड घेताना दुकानाच्या दारात, उजेडात नेऊन बघायचं.