साहेबांच्या तोंडी आदेशानंतरचा ईमेल

तपासणी अहवाल येण्याआधीच माल पाठवा, असे साहेबांनी मला फोनवर सांगितले; ग्राहकाने माल परत केल्यावर मात्र ‘मी असे म्हणालोच नव्हतो’, असे ते बैठकीत म्हणाले आणि खुलासा मला द्यावा लागला. तेव्हापासून असा आदेश मिळाल्यावर काम सुरू करण्यापूर्वीच मी त्यांना ईमेल करतो: ‘आज ११ वाजता फोनवर झालेल्या बोलण्यानुसार ४० खोकी अहवालाविना दुपारी ३ वाजता पाठवत आहे, माझ्या समजण्यात चूक असल्यास त्यापूर्वी कळवावे.’ उत्तर न येणे म्हणजे संमती नव्हे, परंतु मला काय सांगितले गेले, याची त्याच वेळची नोंद राहते. भाषा मात्र आरोपाची नसावी. असा दुसरा ईमेल पाठवला, तेव्हाच साहेबांचे उत्तर आले: ‘थांबा, अहवाल येऊ द्या.’