एअर प्लांट भिजवल्यावर उलटे ठेवा
एअर प्लांट, म्हणजेच मातीशिवाय वाढणारे टिलँड्सिया हे झाड, पाण्याअभावी सुकते तेव्हा पानांच्या कडा आत वळतात आणि टोके तपकिरी होतात. कुजते तेव्हा मात्र बुडखा काळपट व मऊ पडतो आणि मधली पाने हलक्या ओढीनेही सुटून हातात येतात. पहिल्या अवस्थेतील झाड बहुधा वाचते, दुसऱ्या अवस्थेतील क्वचितच.

आठवड्यातून एकदा 20 ते 30 मिनिटे भिजवणे बहुतेक जातींना पुरते. कडा फारच वळल्या असतील, तर एकदाच काही तास भिजवावे. खरी चूक पुढे होते: पानांच्या बेचक्यांत साचलेले पाणी वरून दिसत नाही आणि तेच गाभा कुजवते. म्हणून झाड बाहेर काढताच उलटे धरून हलके झटकावे आणि वारा खेळत्या जागी, जाळीवर उलटेच ठेवावे. चार तासांत ते पूर्ण कोरडे व्हायला हवे. बुडाशी ओल राहिली, तर मंद पंखा लावावा. पूर्ण कोरडे होण्याआधी झाड काचेच्या बंद भांड्यात मुळीच ठेवू नये. गोल, फुगीर बुडाच्या जातींत पाणी अधिक अडकते, त्यामुळे त्या बुडवण्यापेक्षा फवारलेल्या बऱ्या.