लायटनिंग केबल लावताच आयफोन "This accessory may not be supported" म्हणतो: दोष केबलचा की फोनचा, कसं ओळखावं?

आयफोन ५ पासून आयफोन १४ पर्यंतच्या फोनची लायटनिंग केबल म्हणजे नुसत्या तारा नव्हेत. फोनमध्ये घुसणाऱ्या टोकाच्या आत एक छोटी चिप असते. केबल लावली की फोन ओळख पटवणाऱ्या एका पिनवरून त्या चिपला विचारणा करतो आणि ठरलेलं उत्तर आलं तरच पुढचा व्यवहार सुरू होतो. उत्तर आलं नाही, अर्धवट आलं किंवा पटलं नाही, तर "This accessory may not be supported" हा संदेश दिसतो.

अ‍ॅपलच्या एमएफआय कार्यक्रमात परवाना घेतलेल्या कंपन्यांना ही चिप अधिकृतपणे मिळते. बाकीच्या स्वस्त केबलमध्ये नक्कल केलेली चिप असते. ती आज चालते, पण आयओएसच्या एखाद्या अपडेटनंतर अडकू शकते, कारण तपासणी फोनमधलं सॉफ्टवेअर करतं आणि ते बदलत राहतं. मात्र अस्सल केबललाही हाच संदेश येऊ शकतो. पिनवर मळ असला तर उत्तर पोहोचतच नाही आणि फोनच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. म्हणून संदेश आला की लगेच केबल फेकू नका.

आधी संदेश नीट वाचा. फोन अनलॉक करायला सांगत असेल, तर ते बराच वेळ लॉक असलेल्या फोनचं सुरक्षेचं बंधन आहे. पासकोड टाका, काम झालं. "Liquid Detected" आलं तर पोर्टमध्ये ओल आहे. केबल काढा, पोर्ट खाली करून फोन हाताच्या तळव्यावर हलकेच आपटा आणि हवेशीर जागी सुकू द्या. दोन्हीत केबलच्या चिपचा संबंध नाही.

मग पोर्ट साफ करा. फोन बंद करा. टॉर्च धरून आत पाहा; खिशातला कापूस तळाशी दाबला जाऊन घट्ट गादी झालेली असते, आणि ती पोर्टच्याच रंगाची वाटत असल्याने पटकन लक्षात येत नाही. लाकडी टूथपिकने तळाकडून बाहेर हलकेच ओढा. पिन किंवा सुई घालू नका, संपर्कपट्ट्या ओरबाडल्या जातात. साफ झाल्याची खूण अशी: केबल आता पूर्ण आत जाते आणि टक् करून बसते.

आता केबल उलटून पाहा. ही चाचणी सर्वांत जास्त सांगते. केबलच्या टोकाला दोन्ही बाजूंनी आठ-आठ पिना असतात, पण फोनच्या पोर्टमध्ये संपर्क एकाच बाजूला. केबल उलटली की तिची दुसरी बाजू फोनला टेकते. शिवाय ओळखीची पिनही जागा बदलते. फोन चौथ्या आणि आठव्या अशा दोन्ही जागी तिला शोधतो.

समजा, एका बाजूने संदेश येतो आणि उलटल्यावर चार्जिंग नीट होतं. चिप तर उत्तर देते आहे, म्हणजे परवान्याचा प्रश्न नाही. दोष कुठल्यातरी संपर्कात आहे. तो कुणाचा हे ठरवायला दुसरी केबल दोन्ही बाजूंनी लावा. ती दोन्हीकडून चालली, तर पहिल्या केबलची एक बाजू खराब आहे. मधल्या दोन पिनांकडे पाहा: वीज वाहणारी पिन तिथेच असते आणि बहुतेक तीच काळी पडते. कोरड्या कापडाने पुसा. काळेपणा जात नसेल तर सोन्याचा थर जळला आहे. अशी केबल वापरत राहू नका. पण दुसरी केबलही एकाच बाजूने अडली, तर फोनच्या पोर्टमधली एखादी पट्टी मळलेली किंवा वाकलेली आहे.

दोन्ही बाजूंनी एकच केबल नाकारली जाते आणि बाकीच्या चालतात? मग तिची चिप मेली आहे किंवा नक्कल आहे. फोन एकदा रीस्टार्ट करून आणि चार्जर बदलून बघा, म्हणजे शंका उरणार नाही. चांगल्या केबलही नाकारल्या जात असतील, तर पोर्ट किंवा फोनमधली चार्जिंग सांभाळणारी चिप गेली असण्याचा संभव आहे. दुरुस्ती करणारे तिला ट्रायस्टार म्हणतात, आयफोन ८ पासून पुढच्या फोनमध्ये हायड्रा. ती बदलायला मदरबोर्डवर सोल्डरिंग लागतं, म्हणून दुकानात आधी पोर्ट बदलून चाचणी करायला सांगा.

नवी केबल घेताना खोक्यावरच्या एमएफआय चिन्हावर विसंबू नका, ते कुणीही छापतं. अ‍ॅपलच्या एमएफआय शोधपानावर ब्रँड आणि मॉडेल नंबर टाकून पाहा. टोकाकडे बघूनही बरंच कळतं: अस्सल टोक एकसंध असतं, पिना गुळगुळीत आणि गोलसर कडांच्या असतात. नकलेत त्या चौकोनी आणि खरबरीत दिसतात.