हिरवी टिक आली तरी पान कोरंच: पडताळणीच्या फाईलचं स्कॅन करायच्या आधी अन् नंतर काय काय बघायचं

जात पडताळणीची फाईल भरायची म्हटलं की कागदं कोणती लागतात त्याची यादी सगळ्यांच्या मोबाईलात असते, वंशावळ, शपथपत्र, वडिलांची टीसी, आजोबांचा प्रवेश निर्गम उतारा, चुलत्याची व्हॅलिडिटी. पण ती कागदं मोबाईलमधून स्कॅन होऊन कशी निघायलीत ह्याकडं कुणी बघत नाही. पोर्टलवर हिरवी टिक येते, अपलोडेड म्हणून लिहून येतं, घरचे निवांत होतात आणि पुढं त्रुटी लागून येते की कागद वाचता येत नाही. तोवर ॲडमिशनची तारीख डोक्यावर आलेली असते.

आधी एक डोक्यात पक्कं करा, ती टिक म्हणजे कागद दिसतोय असं सांगत नाही. पोर्टल बहुतेक वेळा एवढंच तपासतं की फाईल पीडीएफ किंवा जेपीजी आहे का आणि साईज मर्यादेत बसती का. आत उतारा आहे का घरातल्या फरशीचा फोटो आहे हे त्याला कळत नाही, ते समितीत बसलेल्या माणसाला फाईल उघडल्यावरच कळतं.

आपल्या मराठवाड्यात हा घोळ जास्त व्हायचं कारण कागदातच आहे. ओबीसीला पुरावा लागतो 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, एससीला तर 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा. म्हणजे शाळेचं जुनं रजिस्टर नाहीतर तहसीलातलं जुनं रेकॉर्ड. 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो म्हणून काही नोंदी उर्दूत, काही मोडीत, पान तपकिरी पडलेलं, शाई उडालेली. स्कॅनर ॲप बनवलंय पांढऱ्याशुभ्र कागदावरच्या काळ्या छापील अक्षरासाठी, त्याच्यापुढं असलं पान ठेवलं की ते घाण समजून निम्मं पुसूनच टाकतं.

तर तयारी पहिल्यापासून. स्कॅन करायच्या आधी कागदं दोन ढिगात वेगळी करा. आपले सरकारवरून निघालेला जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला ही डिजिटल सहीची पीडीएफ असते, तिचा प्रिंट काढून परत मोबाईलनं स्कॅन करायची काही गरज नाही, लॉगिनमधून मूळ पीडीएफ उतरवा आणि तीच टाका. लोकं प्रिंट काढतात, घडी घालतात, मग त्या घडीचा फोटो काढतात, ह्याला काय म्हणावं. आधारची उतरवलेली पीडीएफ मात्र पासवर्डची असते, तशीच टाकली तर अपलोड होऊ शकती पण समोरच्याला उघडत नाही. म्हणून ती पासवर्ड टाकून उघडायची आणि बिनपासवर्डची सेव्ह करून मग टाकायची. एवढं केलं की खरं स्कॅनिंग फक्त जुन्या कागदाचं उरतं.

आता जागा. पांढऱ्या फरशीवर, पांढऱ्या चादरीवर कागद ठेवूच नका. ॲप कागदाच्या कडा शोधतं ते रंगातल्या फरकावरून, कागद अन् खालची जागा एकाच रंगाची असली की बाहेरची कड सापडत नाही. मग ते आतली जी काय ठळक चौकट दिसेल तिलाच कड धरतं. शाळेच्या उताऱ्यावर ही चौकट म्हणजे रकान्यांचा तक्ता. तक्त्याच्या वर शाळेचं नाव, गाव, तालुका असतं आणि खाली मुख्याध्यापकाची सही-शिक्का, ते दोन्ही उडून जातं अन् मधलाच तक्ता राहतो. बघणाऱ्याला तो नीट, सरळ, स्वच्छ वाटतो, हीच गोम आहे. काळी घोंगडी, गडद रंगाची सतरंजी, काहीही चालतं. दाराजवळ उजेडात बसा पण ऊन सरळ कागदावर नको, फ्लॅश बंद ठेवा. लॅमिनेशन केलेल्या कागदावर फ्लॅशचा पांढरा डाग पडतो आणि त्याखालचं अक्षर जातं ते जातंच. आणि स्वतःची सावली पडू देऊ नका, पुढं कागद ब्लॅक अँड व्हाईट झाला की ती सावली काळा डाग होऊन बसती.

ॲप उघडलं की पहिलं काम ऑटो कॅप्चर बंद करा. कोऱ्या पानांची निम्मी भानगड इथूनच सुरू होती. तुम्ही पान पलटायलात, मोबाईल तसाच खाली धरलेला, ॲपला वाटलं आलं पान, काढला फोटो. मग पीडीएफच्या पहिल्याच पानावर सतरंजी नाहीतर अंगठा. आणि तपासणारा पहिलं पान उघडतो, काही नाही दिसलं की पुढचं पान कशाला बघंल तो. हातानं बटन दाबा, मोबाईल कागदाच्या बरोबर वर आडवा धरा, फोटो निघाला की कडेची चार टोकं बोटानं ओढून कागदाच्या जरा बाहेर न्या. घोंगडीची काळी कड दिसली तर दिसू द्या, तिच्यानं काही बिघडत नाही, शिक्का कापला तर बिघडतं.

मग फिल्टर, अन् खरा घात इथं होतो. बऱ्याच ॲपमध्ये आपोआप मॅजिक, एन्हान्स नाहीतर ब्लॅक अँड व्हाईट लागलेलं असतं. ब्लॅक अँड व्हाईट म्हणजे ॲप प्रत्येक ठिपक्याला विचारतं तू काळा का पांढरा, मधलं काही ठेवत नाही. फिकट निळी शाई, जांभळा गोल शिक्का, पेन्सिलनं लिहिलेला रजिस्टर नंबर, कार्बनची नक्कल हे सगळं मधलंच असतं, ते पांढऱ्यात जातं. कागद मस्त पांढरा होतो, त्यावरचं निम्मं गायब. म्हणून जुन्या कागदाला ओरिजिनल किंवा कलर, साईज फारच वाढली तर ग्रेस्केल. ब्लॅक अँड व्हाईट फक्त नव्या टाईप केलेल्या कागदाला, तेही त्याच्यावर शिक्का नसला तर.

सेलूकडच्या एका घरची फाईल सांगतो, माझ्याकडं त्रुटी घेऊन आले होते. पोरगी बारावी सायन्सला, आजोबांचा उतारा हाच मुख्य पुरावा. चुलतभावानं घरीच फरशीवर स्कॅन केलेलं, चार पानांची एक पीडीएफ. वडील म्हणायले, "भाऊ, झालंय की अपलोड, हे बघा टिक." फाईल उघडली तर पहिलं पान नुसतं करडं-पांढरं, ते फरशीचं होतं, एका कोपऱ्यात सांध्याची रेघ दिसायली तेवढीच. दुसऱ्या पानावर उताऱ्याचा तक्ता, वर शाळेचं नाव नाही. जातीच्या रकान्यात फिकट शाईचं जे लिहिलेलं होतं त्यातली फक्त एक वेलांटी उरलेली, बाकी रकाना कोरा. तिसऱ्यावर उताऱ्याची मागची बाजू, शिक्क्याच्या जागी दोन-चार ठिपके. चौथं पान चुलत्याच्या व्हॅलिडिटीचं, ते तेवढं बरं होतं पण खालची सही कापलेली. मूळ कागद पिशवीतच होता, त्यावर जात स्पष्ट वाचता येत होती, शिक्काही जांभळा ठळक. कागदाचा दोष काहीच नव्हता.

तेच परत केलं, गडद चादर खाली, ऑटो कॅप्चर बंद, टोकं हातानं ओढली, फिल्टर ओरिजिनल. तीन पानं झाली, साईज गेली तीन एमबीच्या वर आणि जागा होती 500 केबीची. इथं घाई करून लोकं कोणत्या तरी वेबसाईटवर जास्तीत जास्त कॉम्प्रेस दाबतात आणि अक्षराचा भुगा होतो. त्यापेक्षा आधी रंग कमी करा मग बारकावा. ग्रेस्केल केलं, 150 डीपीआयला आणलं, ए-फोर पान तेवढ्यात साधारण 1240 बाय 1754 पिक्सलचं होतं आणि असं पान शे-दीडशे केबीत बसतं. तीन पानं मर्यादेत आली. ह्याच्याही खाली जायची वेळ आली तर पानं वेगळ्या फाईलीत टाकता येतात का बघा, अक्षर मारू नका.

सेव्ह केल्यावर लगेच शेअर करू नका. मोबाईलची मेमरी भरलेली असली किंवा ॲप अजून पानं तयार करायलंय आणि तुम्ही बाहेर पडला तर फाईल तयार होती पण आत पानच नसतं. साईज बघा, तीन पानाची फाईल पाच-सहा केबीची असली तर शंका घ्या. पण नुसत्या साईजवर विश्वास नको, फरशीचा फोटोसुद्धा चांगला तीनशे केबीचा होतो, आणि टाईप केलेलं ब्लॅक अँड व्हाईट पान तीस-चाळीस केबीत पण व्यवस्थित असू शकतं. उघडूनच बघायचं, तेही ॲपमध्ये नाही, कारण ॲप त्याच्याकडचा मूळ फोटो दाखवत असतं. दुसऱ्या मोबाईलवर पाठवा, व्हॉट्सॲपवरून पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवलं की ते अजून दाबलं जातं. तिथं प्रत्येक पान मोठं करा आणि चार गोष्टी मोठ्यानं वाचा: शाळेचं नाव, रजिस्टर नंबर, जात, जन्मतारीख. शिक्क्यातलं गावाचं नाव वाचता आलं पाहिजे. जे तुम्हाला कागद हातात असून स्क्रीनवर वाचता येत नाही ते समितीला काय वाचता येणार.

जेपीजीचं नाव बदलून शेवटी पीडीएफ लिहायचा उद्योग करू नका. नाव बदलल्यानं फाईल बदलत नाही, काही पोर्टल ती घेतात पण पुढं उघडताना एरर येतो.

अपलोड करताना फाईल निवडली की जो छोटा फोटो दिसतो तो पुष्कळदा तुमच्याच मोबाईलमधला असतो, सर्व्हरवर काय गेलं ते नाही. म्हणून सेव्ह करा, लॉगआउट व्हा, परत लॉगिन करून व्ह्यू दाबा, जमलं तर दुसऱ्याच मोबाईलवरून. पानं मोजा. हे सगळं फायनल सबमिट दाबायच्या आधी, कारण एकदा अर्ज लॉक झाला की तुमच्या हातात राहत नाही. त्रुटीत परत फाईल टाकायची असली तर नाव नवीन द्या, utara_2.pdf असं काहीतरी, नाहीतर ब्राउझर कधी कधी जुनीच फाईल दाखवतं आणि तुम्हाला वाटतं बदललीच नाही.

आणि ॲपमधले मूळ कलर फोटो जागा करायला म्हणून डिलीट करू नका, एका फोल्डरात टाकून कुणाच्या तरी मेलवर पाठवून ठेवा. व्हॅलिडिटी हातात येईपर्यंत समिती तोच उतारा परत मागू शकते, आणि धाकट्या भावंडाच्या फाईललाही तोच लागतो.